बाळंतिणीचा दिवस : आधी पाजणं, मग झोप, मग बाकी सारं

आज आपण बाळंतिणीच्या दिवसाबद्दल बोलणार आहोत. सकाळी उठल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत तिचे चोवीस तास कसे जावेत, याचा बेत आज मांडू. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा, कारण थोडा हिशेब करायचा आहे.

आपल्या शिरूर-दौंड भागात पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. तिथं आई, काकी, वहिनी असं मनुष्यबळ असतं, पण बघायला येणाऱ्यांची रीघही असते. दुसरं बाळंतपण पुष्कळदा सासरीच होतं. तिथं गाईगुरं, रानातली कामं आणि थोरलं मूल हे सगळं आधीपासून हजर असतं. दोन्हीकडे दिवस ठरतो तो घराच्या सोयीनं. डेअरीची वेळ, लाईटची वेळ, एसटीची वेळ, पाहुण्यांची वेळ यांतून जी जागा उरेल तिथं पाजणं बसवलं जातं, आणि झोपेला तर जागाच उरत नाही.

हा क्रम उलटा करायचा आहे. आधी पाजण्याच्या वेळा मांडायच्या, त्यांना लागून झोप ठेवायची, आणि मग उरलेल्या जागेत कामं आणि पाहुणे बसवायचे. असं का, ते आता पाहू.

पाजण्याला दिवसाचे सहा तास लागतात

पहिल्या दोन महिन्यांत बाळाला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा अंगावर पाजावं लागतं. त्याचं पोट लहान असतं आणि आईचं दूध लवकर पचतं, म्हणून दोन-अडीच तासांनी त्याला पुन्हा भूक लागते. आपण ९ वेळा धरू. एका वेळेला पाजणं, ढेकर काढणं आणि दुपटं बदलणं मिळून साधारण ४० मिनिटं जातात. नऊ वेळा चाळीस मिनिटं म्हणजे ३६० मिनिटं, म्हणजे पूर्ण सहा तास. रानात खुरपायला गेलेल्या बाईचा रोजही जवळपास तेवढ्याच तासांचा भरतो. तेव्हा "ती तर नुसती बसून असते" असं कोणी म्हटलं, तर हा हिशेब सांगावा.

वेळ का चुकवायची नाही, यालाही कारण आहे. विहिरीतलं पाणी उपसलं की झरा वाहता राहतो, तसंच दुधाचं आहे. बाळ जितकं ओढतं तितकं पुढचं दूध तयार होतं. स्तन चार-पाच तास भरलेलेच राहिले, तर शरीराला कळतं की एवढ्या दुधाची गरज नाही, आणि दूध कमी व्हायला लागतं. शिवाय स्तन दगडासारखे घट्ट होतात, दुखतात, आणि बाळाला नीट तोंडात धरता येत नाहीत. रात्रीचं पाजणं तर मुळीच बंद करू नये. दूध तयार करायला लावणारा शरीरातला रस रात्री जास्त असतो.

एवढं सांगितलं तरी घड्याळ लावून पाजायचं नाही. बाळ तोंड इकडेतिकडे वळवतं, ओठ चाटतं, मूठ तोंडात घालतं, तेव्हा त्याला भूक लागलेली असते. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. फार रडलेलं बाळ नीट ओढतही नाही. मात्र पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळ झोपलं असलं तरी तीन तासांच्या वर जाऊ देऊ नये. पायाच्या तळव्याला गुदगुल्या कराव्यात, दुपटं सोडावं आणि जागं करून पाजावं.

एका घराचा दिवस

आता एक घर डोळ्यांपुढं आणू. समजा न्हावऱ्याजवळची वस्ती आहे. घरात सासू-सासरे, मुलगा, सून, आणि अंगणवाडीत जाणारी चार वर्षांची मुलगी. दोन जर्सी गाई आहेत, थोडा कांदा आहे. मुलगा रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीनं कामाला जातो. सून सासरीच बाळंत झाली, साधी बाळंत झाली. बाळ जन्मलं तेव्हा वजन २ किलो ८०० ग्रॅम होतं. आता दुसरा आठवडा संपत आलाय. तिचा दिवस आम्ही असा मांडला :

पहाटे ५ : पाजणं. सासूबाई धारेला गोठ्यात जातात. सून पुन्हा आडवी होते.

सकाळी ७.३० : पाजणं. मग तिचा नाश्ता, पोटभर.

सकाळी ८.३० ते ९.३० : बाळाची आणि तिची अंघोळ. थोरलीची वेणी-फणी घरातलं दुसरं कोणी करतं.

सकाळी १० : पाजणं. १०.४० पासून सव्वाबारापर्यंत झोप.

दुपारी १२.३० : पाजणं. त्याआधी किंवा लगेच नंतर जेवण. मग पावणेतीनपर्यंत झोप.

दुपारी ३ : पाजणं.

दुपारी ४ ते ५.३० : पाहुण्यांची वेळ. पाहुणे नसतील तेव्हा थोरलीची वेळ.

सायंकाळी ५.३० : पाजणं. सासूबाई धारेला.

रात्री ८ : पाजणं. त्याआधी जेवण.

रात्री १०.३० : पाजणं. ११.१० ला झोप.

रात्री २ : पाजणं. २.४० ला पुन्हा झोप, पहाटे पाचपर्यंत.

पाजण्याच्या वेळा मोजा, नऊ भरतात. आता झोप मोजा. रात्रीच्या दोन तुकड्यांत ५ तास १० मिनिटं होतात आणि दिवसाच्या दोन तुकड्यांत ३ तास १० मिनिटं. एकूण ८ तास २० मिनिटं. दुपारच्या झोपा काढून टाकल्या तर तिच्या वाट्याला तुकड्यातुकड्यांची पाच तास झोप राहते, आणि तीही पंधरा दिवस, महिना, दोन महिने. बाळंतीण चिडते, रडते, तिचं डोकं दुखतं, पान्हा फुटायला वेळ लागतो, त्यामागं पुष्कळदा हेच असतं. दिवसाची झोप हा तिचा लाड नाही, रात्री अर्धवट राहिलेली झोपच ती दिवसा पुरी करत असते.

तुमच्या घरच्या बाळाच्या वेळा अशाच असणार नाहीत. एखादं बाळ संध्याकाळी दर तासाला मागतं आणि मग तीन तास झोपतं. तेही बरोबर आहे. वेळ अर्धा-पाऊण तास पुढंमागं झाली तर चालेल, पण क्रम मोडू नका : पाजणं झालं की लगेच आडवं व्हायचं. "बाळ झोपलंय तर दोन भांडी घासून घेते" असं म्हटलं की तो तुकडा हातचा गेला.

खाणं, पाणी आणि गोळ्या

दूध पाजणाऱ्या बाईला रोजच्यापेक्षा जास्त लागतं. नेहमीच्या जेवणावर एक जादा भाकरी, एक वाटी घट्ट डाळ किंवा उसळ आणि एक कप दूध एवढं धरा. वर डिंकाचा किंवा खारीक-खोबऱ्याचा लाडू, अळिवाची खीर हे चांगलंच. पण लाडू खाल्ला म्हणून जेवण कमी करायचं नाही. पथ्याच्या नावाखाली नुसता भात आणि तूप देऊन भाजी, डाळ, फळं बंद करणाऱ्या घरात बाळंतीण अशक्त होते. मेथी, शेपू, चाकवत, मूग, मटकी, चालत असेल तर अंडी, सगळं द्यावं. प्रत्येक वेळी पाजायला बसताना तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या असावा. तहान त्याच वेळी लागते.

गोळ्यांचा घोळ फार होतो. लोहाची गोळी बाळंतपणानंतर रोज एक, सहा महिने म्हणजे १८० दिवस घ्यायची असते. कॅल्शियमच्या गोळ्या दिवसाला दोन, त्याही सहा महिने. पण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट अंगी लागत नाही. म्हणून आपल्या या घरात कॅल्शियम सकाळच्या नाश्त्यानंतर आणि दुपारच्या जेवणानंतर ठेवलं, आणि लोहाची गोळी रात्रीच्या जेवणानंतर. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको.

कामं कुणाची

कामांचे तीन ढीग करा. पहिला ढीग तिचा एकटीचा : पाजणं, स्वतःचं जेवण, अंघोळ, स्वच्छता, झोप. पहिले दोन आठवडे एवढंच.

दुसरा ढीग बसून करण्याच्या कामांचा : भाजी निवडणं, दुपटी घडी करणं, थोरलीला जवळ घेऊन गोष्ट सांगणं. दोन आठवड्यांनंतर तिला बरं वाटत असेल तर हे चालेल. अंगणात थोडं चालणंफिरणं तर हवंच. सव्वा महिना एका अंधाऱ्या खोलीत पडून राहिल्यानं पायात रक्त साकळण्याचा धोका असतो.

तिसरा ढीग सहा आठवडे तिच्या हाती द्यायचाच नाही : पाण्याचा हंडा, वैरणीचा भारा, शेणाची पाटी, पिळायच्या गोधड्या, सडा-सारवण. पोटाचे आणि खालच्या अंगाचे स्नायू सैल झालेले असतात. जड उचललं तर रक्तस्राव वाढतो, आणि पुढं अंग बाहेर येण्याचा त्रास होऊ शकतो. सिझेरियन झालं असेल तर सोपा नियम असा : बाळापेक्षा जड काहीही सहा आठवडे उचलायचं नाही.

मग तिसरा ढीग करायचा कुणी? सासूबाई धारा काढतात, स्वयंपाक करतात, बाळाला न्हाऊ घालतात. त्याही थकतात, हे विसरू नये. इथं आपल्या जुन्या सावडीचा उपयोग होतो. रानात आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या वावरात अशी आपण सावड करतो. तशीच सावड बचत गटातल्या बायकांना बाळंतिणीसाठी करता येते. गटात दहा जणी असतील तर एकीनं सोमवारी पाण्याचे दोन हंडे भरून द्यावेत, दुसरीनं मंगळवारी दुपटी धुवून टाकावीत, तिसरीनं थोरलीला अंगणवाडीत न्यावं-आणावं. एकीच्या वाट्याला दहा दिवसांतून एक वेळ, फार तर अर्धा तास. सव्वा महिना म्हणजे चाळीस दिवस धरले, तर प्रत्येकीची पाळी चारदाच येते. कुणाची पाळी कधी, ते गटाच्या वहीतच लिहा. तोंडी ठरलं की पहिल्या आठवड्यात सगळ्या येतात आणि तिसऱ्या आठवड्यात कुणीच येत नाही, आणि खरी गरज तर तिसऱ्या आठवड्यात असते.

बाळाच्या बापालाही कामं आहेत. रात्री दोन वाजता तो पाजू शकत नाही, पण बाळाला उचलून आईजवळ देणं, दुपटं बदलणं, ढेकर काढणं, पाणी देणं हे त्याला जमतं. त्यामुळं चाळीस मिनिटांतली पंधरा मिनिटं तिची वाचतात. कंपनीत रात्रपाळी असेल, किंवा रात्रीच्या थ्री-फेज लाईटला पाणी धरायला जावं लागत असेल, तर त्या आठवड्यात रात्री तिच्याजवळ दुसरं कुणी झोपायला हवं. हे आधी ठरवा.

पाहुणे आणि बारसं

बाळ बघायला येणं ही आपल्याकडची माया आहे. कुणी बाळंतविडा घेऊन येतं, कुणी लाडू करून आणतं. माणसं येऊच नयेत असं आम्ही म्हणत नाही. पण पाहुणे कधी आणि किती वेळ थांबणार, हे ठरवता येतं. मघाच्या बेतात दुपारी ४ ते ५.३० ही वेळ त्यासाठीच ठेवली. तीनचं पाजणं झालेलं असतं, साडेपाचचं व्हायचं असतं, आणि बाळंतिणीची दुपारची झोपही झालेली असते. लांबून एसटीनं येणारे दुपारी बारालाच पोचले, तर त्यांना ओसरीवर बसवावं, पाणी द्यावं, जेवू घालावं, आणि बाळ-बाळंतीण उठली की आत न्यावं. चहा बाळंतिणीनं करायचा नाही आणि पाहुण्यांसाठी तिनं उठून बसायचंही नाही.

हे सुनेनं सांगितलं तर तोंडावर उद्धट दिसतं. सासूबाईंनी किंवा आत्याबाईंनी सांगितलं तर कुणाला राग येत नाही. "आक्का, बाळाला आत्ताच पाजून निजवलंय, चारला उठेल, तोवर बसा की" एवढं पुरे. म्हणून घरातली एक थोरली बाई दारावरची राखण म्हणून ठरवून टाका. तिच्याकडं चार गोष्टी द्या. बाळाला हात लावण्याआधी साबणानं हात धुवायचे. सर्दी-खोकला असेल त्यानं दारातूनच बघायचं. बाळाचे मुके घ्यायचे नाहीत. आणि बाळाच्या मुठीत नोट द्यायची नाही, ती ताटात ठेवायची. नोट शंभर हातांतून फिरलेली असते आणि मूठ लगेच तोंडात जाते.

पाहुण्यांबरोबर सल्लेही येतात. त्यातला सगळ्यात महाग पडणारा सल्ला म्हणजे, "बाळ सारखं रडतंय, दूध पुरत नसेल, वरचं पाज." वरच्या दुधाची एक बाटली पोटात गेली की बाळ पुढचं अंगावरचं पाजणं सोडून देतं, म्हणजे उपसा कमी होतो, म्हणजे दूध खरंच कमी होतं. मध, बाळगुटी, साखरपाणी, ग्राइप वॉटर यांचंही तेच. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हातसुद्धा पाणी नको. आईच्या दुधात बाळाला लागेल तेवढं पाणी असतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागेल, तेव्हा जास्त वेळा पाजायचं.

बाराव्या दिवशीचं बारसं ही या बेताची खरी परीक्षा. पन्नास-साठ माणसं येतात, बाळ या हातातून त्या हातात फिरतं, आई नव्या साडीत चार तास बसून असते. अशा दिवशी नऊऐवजी पाच-सहा वेळाच पाजणं होतं, आणि रात्री स्तन दगड होऊन ताप भरतो. त्यासाठी आधीच असं ठरवा : दहाला पाजून घ्यायचं, सव्वाअकराला पाळणा. पाळण्याची गाणी, नाव ठेवणं हे पाऊण तासात आटोपतं. बाराला बाळ आणि आई आतल्या खोलीत, दार लोटून. साडेबाराला पाजणं, मग झोप. पंगती बाहेर चालू द्या. ब्लाउज पुढून हुकाचा असावा, नाहीतर नवी साडी सावरण्यातच पाजणं टळतं. संध्याकाळी बाळानं दर तासाला मागितलं तर द्यावं, ते दिवसाची तूट भरून काढत असतं.

एखादी वेळ चुकलीच आणि स्तन घट्ट झाले, तर कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं शेकावं, हातानं थोडं दूध उकळून धुतलेल्या वाटीत काढावं, आणि मऊ झाल्यावर बाळाला लावावं. काढलेलं दूध झाकून गारव्याला ठेवलं तर चार तासांत वाटी-चमच्यानं पाजता येतं. बाटली वापरू नये.

बेत चालतोय की नाही, हे कसं कळणार

बाळ दूध किती प्यायलं ते दिसत नाही, पण शू किती झाली ते दिसतं. सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा दुपटी ओली व्हायला हवीत, आणि शूचा रंग फिकट हवा. म्हणून बाळाला दिवसभर डायपर घालू नका, मोजता येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला दोन रकाने करा. एका रकान्यात पाजलं की रेघ, दुसऱ्यात शू झाली की रेघ. "दूध पुरत नाही" म्हणणाऱ्या पाहुणीला हा कागद दाखवता येतो.

दुसरी खूण म्हणजे वजन. पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, त्याला घाबरायचं नाही. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. मग दिवसाला २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम वाढ हवी. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळ तपासतात, वजन करतात. ही घरभेटींची पद्धत आपल्याच महाराष्ट्रातून पुढं आली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. त्यानं बालमृत्यू घटतात हे १९९९ साली त्यांनी जगापुढं मांडलं, आणि २०११ पासून देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या.

आपल्या न्हावऱ्याच्या घराकडं परत येऊ. जन्माचं वजन २ किलो ८००. तिसऱ्या दिवशी २ किलो ६५०. चौदाव्या दिवशी २ किलो ८५०, म्हणजे ठीक. एकविसाव्या दिवशी मात्र आशाताईंच्या काट्यावर भरलं २ किलो ९००. आठवड्यात फक्त ५० ग्रॅम. सासूबाई म्हणतात, "हिला दूधच नाही." आता कागद बघा. पाजण्याच्या रेघा सहा, कधी सात. शूच्या पाच. म्हणजे दोन-तीन वेळा कुठंतरी हरवल्या. कुठं? एक सकाळी. बाळाला तेल-पाणी होतं, शेकलेलं बाळ साडेनऊला झोपतं ते दीडपर्यंत उठतच नाही, आणि "झोपलंय गं, झोपू दे" म्हणून कुणी उठवत नाही. दुसरी संध्याकाळी. बारशाला न आलेले पाहुणे या आठवड्यात येतायत, चारला आलेले सातला उठतायत, आणि त्यांच्यासमोर पाजायचं कसं म्हणून साडेपाचचं पाजणं आठवर जातंय.

दूध होतंच, फक्त ते ओढायला बाळ पुरेशा वेळा येत नव्हतं. उपायही तेवढाच. अंघोळ झाल्याबरोबर, झोपण्याआधी पाजायचं, आणि तीन तास झाले की उठवायचं. साडेपाचला आत्याबाईंनी पाहुण्यांना ओसरीवर न्यायचं. आशाताईंनी बाळ कसं धरतंय तेही बघायचं : तोंड मोठं उघडलेलं हवं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, नुसतं बोंड नाही तर भोवतालचा काळा भागही तोंडात, आणि गिळल्याचा आवाज. रेघा नऊवर गेल्या, शू सातवर गेली, तर अठ्ठाविसाव्या दिवशी काटा ३ किलो १०० च्या आसपास जायला हवा. दोन-तीन दिवसांत शूच्या रेघा वाढल्या नाहीत, तर मात्र अठ्ठाविसावा दिवस उजाडायची वाट न पाहता बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं.

बेत बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा, तो केव्हा

बाळंतिणीला तासाभरात एक पूर्ण घडी भिजेल इतकं अंगावरून जात असेल, ताप-थंडी असेल, स्रावाला घाण वास असेल, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी येत असेल, पिंढरी सुजून दुखत असेल, दम लागत असेल, किंवा झटका आला असेल तर थांबू नका. स्तनात लाल, दुखरी गाठ आणि ताप असेल तरी दाखवा, पण पाजणं थांबवू नका. दोन आठवड्यांच्या वर सारखं रडू येत असेल, बाळाकडं बघावंसं वाटत नसेल, स्वतःचं किंवा बाळाचं बरंवाईट करावं असे विचार येत असतील, तर ती बाहेरची बाधा नाही. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. असे विचार असतील तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या.

बाळ ओढेनासं झालं, अंग गरम किंवा गार पडलं, श्वास घेताना छाती आत जाऊ लागली, तळहात-तळपाय पिवळे दिसले, किंवा झटके आले तर लगेच निघा. १०८ ला फोन करा. बाळ-बाळंतिणीला दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडीही मोफत आहे. शिरूर, न्हावरे, यवत इथं ग्रामीण रुग्णालय आहे, दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे. तुमच्या वस्तीवरून कोणतं जवळ, हे नववा महिना लागायच्या आधीच माहीत करून घ्या.

एक गोष्ट राहिली, शेगडीची. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी ठेवून बाळ-बाळंतिणीला शेकू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच गुदमरतं. ऊब हवी तर कोमट पाणी, गोधडी, टोपरं, आणि बाळ आईच्या उघड्या छातीशी, वर पांघरूण. त्याच्याइतकी ऊब शेगडी देत नाही.

तुमच्या गटात किंवा भावकीत सध्या कुणाचे दिवस भरत आले असतील, तर पुढच्या बैठकीतच वहीचं एक पान तिच्यासाठी काढा. वर पाजण्याच्या नऊ वेळा लिहा, मध्ये दिवसाच्या दोन झोपा, आणि खाली सावडीची नावं. ते पान तिच्या सासूबाईंच्या हाती द्या. बाळ यायच्या आधी दिलं तर तो घराचा बेत होतो. नंतर दिलं तर ती सुनेची तक्रार ठरते.